नवा लॉट नापास झाला, तर पुरवठादाराला पत्र कसं लिहायचं?

मरोळमधल्या एका छोट्या चाचणी प्रयोगशाळेचं उदाहरण घेऊ. उदाहरण रचलेलं आहे, पण त्यातले आकडे एकमेकांशी जुळतात. वही घेऊन हिशेब मांडलात तर तोच निघेल. जुलैचा पहिला आठवडा. एचपीएलसी ग्रेड मिथेनॉलची ३ खोकी आली, प्रत्येकात २.५ लिटरच्या ४ बाटल्या. पहिली बाटली कार्ल फिशर यंत्रासाठी उघडली. या यंत्राच्या भांड्यात ४० मिली मिथेनॉल घेतलं की नमुना टाकण्याआधी त्या मिथेनॉलमधलं पाणी टायट्रंटने संपवावं लागतं. एरवी या कामाला २ मिलीच्या आसपास टायट्रंट लागतो. त्या दिवशी जवळपास ११ मिली गेला. यंत्रावर बसलेली मुलगी म्हणाली, "मॅडम, हे मिथेनॉल ओलं आहे."

अशा वेळी हात आधी फोनकडे जातो. वितरकाच्या माणसाला दोन शब्द सुनावले जातात, तो "बघतो" म्हणतो आणि आठवडा निघून जातो. फोन जरूर करा, पण बाटल्या बदलून मिळणार असतील तर त्या पत्रामुळे मिळतील. ते पत्र पुरवठादाराच्या गुणवत्ता विभागातला असा माणूस वाचणार असतो, ज्याने तुमची प्रयोगशाळा कधी पाहिलेली नाही आणि ज्याच्या मनात पहिला प्रश्न हाच असतो : दोष आमच्या बाटलीत की तुमच्या हवेत? मुंबईच्या पावसाळ्यात हा प्रश्न वावगा म्हणता येत नाही. त्याने तो विचारण्याआधीच पत्रात त्याचं उत्तर असावं, या बेताने पुढच्या पायऱ्या सांगते.

पहिली पायरी : नेमकं कोणतं वचन मोडलं ते ठरवा

पुरवठादाराचे दोन कागद समोर ठेवा. एक स्पेसिफिकेशन, म्हणजे या उत्पादनाच्या प्रत्येक लॉटने पाळायच्या मर्यादा. दुसरा विश्लेषण प्रमाणपत्र, ज्याला सगळे सीओए म्हणतात; त्यात या एका लॉटवर त्यांना प्रत्यक्ष मिळालेले आकडे असतात. आपल्या उदाहरणात स्पेसिफिकेशन म्हणतं : शुद्धता जीसीने किमान ९९.८%, पाणी कमाल ०.०५%. सीओए म्हणतो : शुद्धता ९९.९२%, पाणी ०.०२%.

तुमची तक्रार स्पेसिफिकेशनच्या विरुद्ध असायला हवी. तुम्हाला ०.०४% पाणी सापडलं आणि सीओएवर ०.०२% छापलं आहे, एवढ्यावर लॉट नाकारता येत नाही. तो मर्यादेतच आहे. नवी मंडळी इथे हमखास घसरतात. सीओएच्या दुप्पट आकडा दिसला की पत्र लिहायला बसतात आणि एका ओळीच्या उत्तराने गप्प होतात.

मर्यादेच्या अगदी काठावरच्या आकड्याचंही तसंच. मर्यादा ०.०५% अशी दोन दशांश स्थळांपर्यंत लिहिलेली असेल, तर तुमचा निकालही तितक्याच स्थळांपर्यंत आणून तुलना करायची. पूर्णांकनाचं भारतीय मानक आयएस २ आहे, त्यानुसार ०.०५२ चे ०.०५ होतात आणि लॉट पास होतो. आपल्याला पुढे ०.१६८ मिळणार आहे. त्याचे ०.१७ झाले, तरी मर्यादेच्या तिपटीहून जास्त, त्यामुळे इथे वादाला जागा नाही. पण तुमच्या हातात ०.०५ च्या किंचित वरचा आकडा असेल तर पत्र लिहू नका. वितरकाला दुसरा लॉट पाठवायला सांगा आणि कामाला लागा.

आता जीसीच्या शुद्धतेबद्दल, कारण पुरवठादाराचं पहिलं उत्तर बहुतेक वेळा इथूनच येतं : "आमची शुद्धता ९९.९२% आहे, मग तक्रार कसली?" मिथेनॉलची जीसी शुद्धता बहुधा ज्वाला आयनीकरण शोधकावर, म्हणजे एफआयडीवर काढतात आणि शिखरांच्या क्षेत्रफळाची टक्केवारी देतात. एफआयडीला पाणी दिसतच नाही. बाटलीत पाणी ०.०२% असो वा २%, त्या क्रोमॅटोग्रामवर मिथेनॉलचं शिखर तसंच ९९.९२% दिसेल. म्हणून दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात : त्यांची जीसी बरोबर आणि तुमचं कार्ल फिशरही बरोबर.

काही कंपन्या जीसीचा आकडा पाण्यासाठी दुरुस्त करून देतात. तसं केलं असेल तर स्पेसिफिकेशनच्या तळटिपेत लिहिलेलं असतं. इथे ९९.९२ मधून ०.१६८% पाण्याचा वाटा काढला तर ९९.७५ उरतात, म्हणजे शुद्धताही ९९.८ च्या खाली गेली असं म्हणण्याचा मोह होतो. तळटीप नसेल तर तो मोह आवरा. निर्विवाद असलेलं एक उल्लंघन पत्रात एकटंच उभं राहू द्या. शेजारी वादग्रस्त दुसरं ठेवलंत की समोरचा त्याच्याशीच भांडत बसतो आणि पहिलं बाजूला पडतं.

दुसरी पायरी : माल थांबवा आणि त्याच दिवशी सूचना द्या

१२ बाटल्यांवर "वापरू नये" अशा चिठ्ठ्या लावा आणि त्या वेगळ्या कपाटात ठेवा. बाटली, खोकं आणि सीओए या तिन्हींवरचा लॉट क्रमांक एकच आहे ना, ते पाहा. एकाच बिलात दोन लॉट येणं मुळीच दुर्मीळ नाही, आणि चुकीच्या लॉटबद्दलचं पत्र पाठवणं फार लाजिरवाणं असतं. झाकणाखालच्या सीलच्या कड्याचा, लेबलचा आणि खोक्याच्या चारही बाजूंचा फोटो काढा. हे फोटो बाटली उघडण्याआधीचे हवेत. उघडल्यानंतरच्या फोटोला काही किंमत नाही.

मग दोन ओळींची ईमेल : अमुक लॉटमध्ये पाण्याचं प्रमाण जास्त असल्याचा संशय आहे, तपासणी चालू आहे, तपशीलवार पत्र पाठवत आहोत, तोवर माल स्वीकारलेला समजू नये. एवढंच. या ईमेलमागे कायद्याचं कारण आहे. माल विक्री अधिनियम, १९३० च्या कलम ४१ प्रमाणे खरेदीदाराला माल तपासायला वाजवी संधी मिळायला हवी. पण कलम ४२ सांगतं की वाजवी काळ उलटेपर्यंत त्याने नकार न कळवता माल ठेवून घेतला, तर तो स्वीकारला असं धरलं जातं. शिवाय बिलाच्या मागे बारीक अक्षरांत "तक्रार ७ दिवसांत" असं काहीतरी छापलेलं असतं, तेही वाचा. तपासणीला चार दिवस लागणार असतील, तर ही ईमेल घड्याळ थांबवते.

तिसरी पायरी : पत्राआधीची तपासणी

ज्या बाटलीवर पहिल्यांदा संशय आला, तिचे निकाल तक्रारीत वापरू नका. ती किती वेळ उघडी होती, कोणी हाताळली, हे आता कोणी खात्रीने सांगू शकत नाही. सीलबंद बाटल्यांवर नव्याने तपासणी करा, आणि त्या दोन वेगवेगळ्या खोक्यांतल्या घ्या. एकाच बाटलीचा दोष असेल तर तो बाटलीचा दोष. दोन खोक्यांतल्या दोन बाटल्यांनी तोच आकडा दिला की लॉटबद्दल बोलता येतं.

सगळ्या तपासणीचा कणा म्हणजे तुलनेची बाटली. आधीच्या लॉटची एक सीलबंद बाटली त्याच दिवशी, त्याच यंत्रावर, त्याच सिरिंजने आणि त्याच हाताने तपासा. खोलीतली दमट हवा, सैल सेप्टम, ओली सिरिंज, बिघडलेला टायट्रंट यांपैकी काहीही दोषी असेल, तर जुन्या लॉटचा आकडाही वर जाईल. तो खाली राहिला तर तुमची प्रयोगशाळा निर्दोष. म्हणूनच आम्ही जुन्या लॉटची शेवटची बाटली नवा लॉट पास होईपर्यंत फोडत नाही. खरेदी विभाग याला अडवून ठेवलेला माल म्हणतो, म्हणू दे.

आता प्रत्यक्ष काम. आधी टायट्रंटचा फॅक्टर सोडियम टार्ट्रेट डायहायड्रेटने ठरवा. त्यात ठरावीक, १५.६६% पाणी असतं. समजा फॅक्टर निघाला प्रति मिली ४.९३ मिग्रॅ. पण आपण मोजणार आहोत फार थोडं पाणी, म्हणून त्याच पातळीवरची एक पडताळणीही हवी : प्रति ग्रॅम १.०० मिग्रॅ पाणी असलेलं प्रमाणित द्रव मानक बाजारात काचेच्या कुपीत मिळतं. ते तपासल्यावर १.०१ मिळाले. यंत्र ठीक आहे.

कोरडी सिरिंज नमुन्यानेच दोन-तीनदा खळबळून घ्या, १० मिली नमुना ओढा, सिरिंजचं वजन करा, सेप्टममधून नमुना भांड्यात सोडा, रिकाम्या सिरिंजचं वजन करा. फरक म्हणजे नमुन्याचं वजन, साधारण ७.९ ग्रॅम. लॉट मर्यादेवर असता तर एवढ्या मिथेनॉलमध्ये ४ मिग्रॅच्या आसपास पाणी असतं आणि त्याला ०.८ मिली टायट्रंट लागला असता. इथे २.७ मिली लागतो, म्हणजे १३ मिग्रॅहून जास्त पाणी. प्रत्येक वाचनाआधीचा ड्रिफ्ट नोंदवा. तो मिनिटाला १२ मायक्रोग्रॅम असेल आणि वाचनाला दोन मिनिटं लागत असतील, तर हवेतून भांड्यात शिरलेलं पाणी झालं २४ मायक्रोग्रॅम. १३ मिग्रॅपुढे हे काहीच नाही. ही एक ओळ पत्रात असली की "तुमच्या भांड्यात दमट हवा शिरत असेल" हा आक्षेप संपतो.

निकाल असे येतात. पहिली सीलबंद बाटली : ०.१६८, ०.१७१, ०.१७०. दुसरी : ०.१६४, ०.१६६, ०.१६७. जुन्या लॉटची बाटली : ०.०३१. सहा वाचनांची सरासरी ०.१६८%. सुरुवातीच्या ११ मिलीशीही हे जुळतं : ४० मिली मिथेनॉल म्हणजे ३१.६ ग्रॅम, त्यात ०.१६८% म्हणजे ५३ मिग्रॅ पाणी, आणि त्याला १०.८ मिली टायट्रंट. जुन्या लॉटचा हिशेब केला तर २ मिली येतो. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर निघालं की मन शांत होतं.

चौथी पायरी : "बाटली पावसाळ्यात उघडली ना?" याचं उत्तर आधीच काढून ठेवा

मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, हे पुरवठादाराला ठाऊक आहे आणि तो ते म्हणणारच. इथे "आम्ही लगेच बंद केली हो" असं म्हणून भागत नाही. हिशेब मांडा.

२.५ लिटर मिथेनॉलचं वजन जवळपास १,९८० ग्रॅम. त्यात मर्यादेपेक्षा जास्त असलेलं पाणी ०.१६८ वजा ०.०५, म्हणजे ०.११८%, ग्रॅममध्ये सुमारे २.३. आता हवा पाहू. ३० अंश सेल्सिअस तापमान आणि ८५% सापेक्ष आर्द्रता असलेल्या एक घनमीटर हवेत, म्हणजे १,००० लिटर हवेत, सुमारे २६ ग्रॅम पाण्याची वाफ असते. २.३ ग्रॅम पाणी मिळवायला अशी ९० लिटर हवा लागेल, आणि तिच्यातला वाफेचा कण न् कण मिथेनॉलने शोषून घ्यावा लागेल. बाटलीच्या मानेतली रिकामी जागा फार तर काहीशे मिली. झाकण काढून सिरिंज भरण्यापुरत्या वेळात एवढं पाणी आत जाणं शक्य नाही.

या हिशेबाची मर्यादाही लक्षात ठेवा. बाटली तासन्‌तास उघडी राहिली किंवा झाकण सैल राहून ती गोदामात महिनाभर पडून होती, तर हवा बदलत राहते आणि ९० लिटरचा आकडा अवघड उरत नाही. म्हणूनच हा मुद्दा फक्त सीलबंद, आपल्या डोळ्यांसमोर उघडलेल्या बाटलीसाठी वापरायचा. आणि म्हणूनच पाणी कुठे शिरलं, भरताना, प्रवासात की वितरकाच्या गोदामात, हे आपण सांगत नाही. आपल्याला ते माहीत नाही. पत्रात कारणाचा अंदाज लिहिणं हा फार सामान्य दोष आहे. पुरवठादार तो अंदाज खोटा पाडतो आणि त्याच्याबरोबर तक्रारही बाजूला ठेवतो. "भेसळ" आणि "फसवणूक" हे शब्द तर बिलकुल नकोत.

पाचवी पायरी : पत्र

पत्र उत्पादकाच्या गुणवत्ता विभागाला जावं, प्रत वितरकाला. प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या वितरकाकडे कार्ल फिशर यंत्र नसतं. तो पत्र पुढे पाठवणार आणि वाटेत त्यातला अर्धा तपशील गळणार. प्रत्यक्षात हा पत्रव्यवहार बहुतेक इंग्रजीत होतो, पण मुद्द्यांचा क्रम हाच ठेवा. लांबी एका पानाची. कच्ची वाचनं, यंत्राचे प्रिंटआउट आणि फोटो सोबत जोडा.

प्रति,
गुणवत्ता नियंत्रण प्रमुख (उत्पादक कंपनी)
प्रत : अधिकृत वितरक, प्रिन्सेस स्ट्रीट, मुंबई

दिनांक : ९ जुलै

विषय : मिथेनॉल, एचपीएलसी ग्रेड, २.५ लिटर, लॉट एम-२२१७. पाण्याचे प्रमाण स्पेसिफिकेशनच्या मर्यादेपेक्षा जास्त असल्याने माल नाकारण्याबाबत.

संदर्भ : आमची खरेदी ऑर्डर, आपले बीजक आणि आमची ६ जुलैची ईमेल.

महोदय,

वरील बीजकाने या लॉटच्या १२ बाटल्या आम्हाला ४ जुलै रोजी मिळाल्या. आपल्या स्पेसिफिकेशननुसार पाण्याचे प्रमाण कमाल ०.०५% आहे. आमच्या तपासणीत ते ०.१७% आढळले.

८ जुलै रोजी दोन वेगवेगळ्या खोक्यांतील दोन सीलबंद बाटल्या उघडून लगेच व्हॉल्युमेट्रिक कार्ल फिशर पद्धतीने तपासल्या. पहिल्या बाटलीची तीन वाचने ०.१६८, ०.१७१ व ०.१७०%, दुसरीची ०.१६४, ०.१६६ व ०.१६७%. त्याच दिवशी, त्याच यंत्रावर आपल्याच मागील लॉटच्या सीलबंद बाटलीत ०.०३१% पाणी आढळले. प्रति ग्रॅम १.०० मिग्रॅ पाण्याच्या प्रमाणित मानकाचे वाचन १.०१ आले. ड्रिफ्ट मिनिटाला १२ मायक्रोग्रॅम होता. बाटल्या उघडण्यापूर्वी सील अखंड होती. छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

आपल्या प्रमाणपत्रातील जीसी शुद्धतेबद्दल आमची तक्रार नाही. ती चाचणी पाणी मोजत नसल्याने वरील निकालाशी तिचा विरोध नाही.

४ जुलैला मिळालेला हा माल आम्ही नाकारत आहोत. ९ बाटल्या सीलबंद आहेत आणि ३ उघडलेल्या आहेत. सर्व बाटल्या आमच्याकडे वेगळ्या ठेवल्या आहेत. आपल्याला विनंती अशी :

१. या लॉटच्या आपल्याकडील राखीव नमुन्यात पाणी पुन्हा मोजून निकाल कळवावा.
२. वेगळ्या लॉटच्या १२ बाटल्या त्यांच्या प्रमाणपत्रासह पाठवाव्यात किंवा पूर्ण रकमेची क्रेडिट नोट द्यावी.
३. आमच्याकडील बाटल्या आपण केव्हा व कोणत्या वाहतुकीने नेणार ते कळवावे.

उत्तर २३ जुलैपर्यंत मिळावे. आपल्याला हव्या असल्यास आमच्याकडील सीलबंद बाटल्यांपैकी एक संयुक्त तपासणीसाठी राखून ठेवत आहोत.

आपली विश्वासू,
प्रयोगशाळा व्यवस्थापक

या पत्रातल्या दोन-तीन गोष्टींकडे मुद्दाम लक्ष वेधते. पहिल्याच परिच्छेदात मर्यादा आणि निकाल शेजारी-शेजारी आहेत. वाचणाऱ्याने तिथेच थांबवलं तरी त्याला तक्रार कळलेली असते. उघडलेल्या तीन बाटल्यांचा उल्लेख स्वतःहून केला आहे, कारण मोजणी त्यांच्या बाजूने झाल्यावर तो आकडा निघणारच आहे. मागण्या तीनच आहेत आणि प्रत्येक मागणीवर कोणीतरी एक जण काम करू शकतो. "कारणमीमांसा आणि सुधारणा अहवाल" मागायची पद्धत आहे, पण मी तो पहिल्या पत्रात मागत नाही. पहिल्याच पत्रात मागितला की महिनाभराने गोलमोल शब्दांचे चार कागद येतात आणि बाटल्या येत नाहीत. राखीव नमुन्याचा निकाल आल्यावर मागा.

बाटल्या परत पाठवण्याचं काम स्वतःकडे घेऊ नका. मिथेनॉल ज्वलनशील आणि विषारी दोन्ही आहे. वाहतुकीत तो यूएन १२३० या क्रमांकाने, वर्ग ३ आणि दुय्यम धोका ६.१ असा जातो. नेहमीच्या कुरिअरच्या मुलाच्या हातात द्यायची ही वस्तू नव्हे. कायदाही इथे तुमच्या बाजूने आहे : वेगळा करार नसेल तर, माल नाकारण्याचा हक्क असलेल्या खरेदीदाराला तो परत नेऊन देण्याची सक्ती नाही, नकार कळवणं पुरेसं आहे, असं त्याच अधिनियमाचं कलम ४३ सांगतं.

पत्र गेल्यानंतर

तोवर घरचं काम उरकून घ्या. तुमची प्रयोगशाळा आयएसओ/आयईसी १७०२५ खाली मान्यताप्राप्त असेल, तर या लॉटमुळे कोणते निकाल बिघडले असतील हे तपासून लिहून ठेवावं लागतं. इथे डोकं शांत ठेवा. मिथेनॉल ज्या मोबाईल फेजमध्ये निम्म्या पाण्यात मिसळला जातो, तिथे ०.१७% पाण्याने काहीही होत नाही. कार्ल फिशरच्या भांड्यातही ते पाणी आधीच संपवलेलं असतं. जादा टायट्रंट गेला, निकाल बिघडला नाही. पण त्या दोन दिवसांत कोणी याच बाटलीतून सोडियम मेथॉक्साइडचं द्रावण केलं असेल, तर पाणी मेथॉक्साइडचं हायड्रॉक्साइड करतं. ते द्रावण फेकून द्या आणि त्यावरचं काम पुन्हा करा.

पुरवठादाराचं उत्तर साधारण तीनपैकी एक असतं. "मान्य" असेल तर विषय संपला. "जीसी ठीक आहे" असेल तर पत्रातला तो परिच्छेद पुन्हा दाखवा. तिसरं खरं अवघड : "आमच्या राखीव नमुन्यात ०.०२% पाणी आहे." चिडू नका, ते खोटं असेलच असं नाही. राखीव नमुना भरल्यापासून त्यांच्या कपाटात असतो. तुमची बाटली ट्रक, भिवंडीचं गोदाम आणि टेम्पो पाहून आलेली असते. त्यांचा नमुना चांगला असल्याने तुमची बाटली चांगली ठरत नाही, आणि तुम्हाला विकली गेली ती बाटली. अशा वेळी राखून ठेवलेली सीलबंद बाटली दोघांना मान्य असलेल्या, याच चाचणीसाठी एनएबीएल मान्यता असलेल्या तिसऱ्या प्रयोगशाळेत द्या. मान्यतेच्या यादीत नुसतं प्रयोगशाळेचं नाव पाहू नका; ही चाचणी आणि ही पातळी तिच्या व्याप्तीत आहे का, ते पाहा. बाटली तिथे त्यांच्या माणसासमोर उघडली जावी, आणि चाचणीचा खर्च ज्याचं म्हणणं चुकलं त्याने द्यायचा, हे आधी ईमेलवर ठरवून घ्या.

क्रेडिट नोट आली तर ती लेखा विभागाकडे लगेच द्या. त्या खरेदीवर घेतलेला जीएसटीचा क्रेडिट तेवढा कमी करावा लागतो, आणि हा कागद प्रयोगशाळेच्या फाइलमध्ये अडकला तर वर्षअखेरीस त्याची शोधाशोध सुरू होते.

बदली बाटल्या आल्या तर खोकं फोडण्याआधी लॉट क्रमांक वाचा. वितरकाच्या गोदामात एम-२२१७ ची आणखी खोकी पडलेली असतात आणि तिथल्या माणसाला फक्त "मिथेनॉल, १२ बाटल्या" असा निरोप मिळालेला असतो. तोच लॉट परत आला असेल तर चलानावर "नाकारलेला लॉट, स्वीकारला नाही" असं लिहून टेम्पोवाल्याची सही घ्या आणि खोकी त्याच टेम्पोने परत पाठवा. लॉट नवा असेल, तर दोन खोक्यांतल्या दोन बाटल्या पुन्हा कार्ल फिशरवर तपासा आणि मगच जुन्या लॉटची ती शेवटची बाटली कामाला काढा.